१.३३ हा आकडा कोणासाठी?

मालेगावात यंत्रमाग चालवणारे अनेक जण बँकेत जाताना प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून लिहून घेतात. लिहिणाऱ्याला एक गोष्ट पाठ असते : चालू गुणोत्तर १.३३ दिसले पाहिजे. टंडन समितीच्या काळापासून हा आकडा बँकांच्या मनात बसला आहे. मग आकडे त्याच्याभोवती बसवले जातात. माझ्या मते यात नुकसान कर्ज मागणाऱ्याचेच होते.

एक उदाहरण घेऊ. एका कारखानदाराकडे रोख १ लाख, सूत व कापडाचा साठा ९ लाख आणि व्यापाऱ्यांकडून येणे १४ लाख, असे एकूण २४ लाख आहेत. वर्षभरात द्यायचे आहेत ते असे : कॅश क्रेडिट १० लाख, सूतवाल्याचे ६ लाख, मागांवरील कर्जाचे हप्ते २ लाख, एकूण १८ लाख. चोवीसला अठराने भागले की १.३३ येते. अहवाल देखणा झाला!

पण जाणता अधिकारी येणे-रकमेची वयानुसार यादी मागतो. त्यात ६ लाख सहा महिन्यांपूर्वीचे निघतात. नव्वद दिवसांपुढची उधारी बँका सहसा धरत नाहीत. चोवीसचे अठरा होतात आणि गुणोत्तर १ वर येते. म्हणजे एका व्यापाऱ्याने पैसे थांबवले, तर सूतवाल्याचे देणे थकेल आणि माग बंद पडतील.

आता दुसरा प्रश्न : धंद्यात स्वतःचे किती, दुसऱ्यांचे किती? याच धंद्यात माग व शेड १६ लाखांचे, म्हणजे एकूण मालमत्ता ४० लाख. मालकाचे भांडवल १० लाख. बाकी ३० लाख बाहेरचे : वरचे १८, पुढील वर्षांचे कर्ज ८ आणि नातेवाइकांचे ४. स्वतःच्या एका रुपयावर बाहेरचे तीन रुपये. जुनी उधारी बुडाली, तर ६ लाखांचा तोटा सरळ मालकाच्या भांडवलातून जातो. दहाचे चार उरतात आणि तिनाचे साडेसात होतात. तोटा सोसणारी भिंत किती पातळ आहे, हे बँकेला येथे दिसते.

नातेवाइकांनी ‘बँकेचे कर्ज फिटेपर्यंत पैसे परत मागणार नाही’ असे लिहून दिले, तर अनेक बँका ते ४ लाख मालकाच्या बाजूला धरतात. मग २६ ला १४, म्हणजे १.८६. हा कागद मात्र अहवालात क्वचितच असतो.

बँकांनाही एक सांगणे आहे. ताळेबंद हे ३१ मार्चच्या एका दिवसाचे चित्र असते. कापडाच्या धंद्यात उधारी अटळ आहे. गुणोत्तर कमी दिसताच फाइल परत करण्याऐवजी खात्यातली वर्षभराची उलाढाल पाहावी.

आणि कारखानदारांनो, अहवालावर सही करण्यापूर्वी उधारीची यादी स्वतः करा, तारखांसह. जुनी रक्कम लपवून मिळालेल्या कर्जाचा हप्ता त्याच न आलेल्या पैशांतून भरायचा असतो.