कूलर जूनमध्ये का फसतो

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नवतपा संपून मृग लागलेला असेल. अकोला-अमरावतीतल्या बऱ्याच दवाखान्यांत 'सरला एकदाचा उन्हाळा' असे म्हणत बर्फाची पेटी आणि स्टँडचा पंखा माळ्यावर गेला असेल. ते सामान खाली काढून ठेवा, हे सांगण्यासाठी यंदाचे जूनचे संपादकीय आहे. मे 2024च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने उष्णतेपायी चक्क 144 कलम लावले, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण कुत्र्यांच्या उष्माघाताच्या बाबतीत मला धडा दिला तो मेने नव्हे, जूनने.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा दुसरा आठवडा, आभाळ भरून आलेले, पारा कसाबसा 36. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक कुटुंब पाच वर्षांचा पग घेऊन आले. घरचे सगळे लग्नाला गेले होते. कुत्र्याला गरम होऊ नये म्हणून त्याला एका खोलीत ठेवून कूलर चालू केला होता, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या-दारे घट्ट लावली होती. परतले तेव्हा तो आडवा पडून धापत होता, हिरड्या लालभडक, तोंडाला चिकट दोरीसारखी लाळ. वाटेत एका ठिकाणी ताप पाहून मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन टोचून झाले होते. माझ्या थर्मामीटरवर 108 अंश फॅरनहाइट भरले. मालकाचा प्रश्न सरळ होता: "डॉक्टर, मेमध्ये 45 मध्ये काही झालं नाही याला, आणि आज कूलरमध्ये कसं झालं?"

उत्तर त्या कूलरमध्येच आहे. कुत्र्याच्या अंगावर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या कामाच्या ग्रंथी फक्त पंजांच्या गाद्यांत असतात आणि शरीर गार करायला त्यांचा उपयोग नगण्य. त्यामुळे त्याचा कूलर नाकात बसवलेला आहे. धापणारा कुत्रा बहुतांशी नाकाने हवा आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. नाकातल्या गुंडाळलेल्या पातळ हाडांवरची ओली त्वचा म्हणजे त्याची वाळ्याची ताटी. नाकाच्या बाजूच्या ग्रंथी त्या ताटीवर सतत पाणी सोडत राहतात, आणि हवा तिच्यावरून गेली की पाण्याची वाफ होऊन रक्त गार होते. शांत कुत्रा मिनिटाला 15 ते 30 श्वास घेतो, धापताना हा आकडा 300च्या पुढे जातो. एवढ्या वेगाने छाती हलवायची तर त्या श्रमानेच अंग तापायला हवे. पण कुत्र्याची श्वसनसंस्था स्प्रिंगसारखी आहे आणि धापण्याचा वेग त्या स्प्रिंगच्या स्वतःच्या झोक्याशी जुळलेला आहे, त्यामुळे मेहनत फार लागत नाही. शिवाय श्वास उथळ असतो. हवा नाका-घशापर्यंतच खेळते, फुप्फुसाच्या आतल्या कप्प्यांपर्यंत थोडीच पोचते, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड एकदम उतरत नाही. हे धापणे खोल आणि संथ होऊ लागले तर समजावे की पहिला बंदोबस्त कोलमडला आहे.

आता हिशेब. 20 किलोचा गावठी कुत्रा सावलीत पडून असला तरी ताशी साधारण 28 किलोकॅलरी उष्णता तयार करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळजवळ 0.58 किलोकॅलरी ओढून नेते. म्हणजे नुसती स्वतःची उष्णता फेकायला त्याला तासाला 50 मिलिलिटरच्या आसपास पाणी उडवावे लागते, आणि बाहेरून येणारी उष्णता धरली तर बरेच जास्त. मेच्या दुपारी पाण्याचे भांडे कोरडे पडले तर त्याचा कूलर पाण्यावाचून थांबतो. ही मेची चूक, आणि ती आपण मालकांना सांगतोच.

जूनची चूक वेगळी आहे. वाफ होते ती ओल्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर. कुत्र्याच्या नाकातली ओल 38 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तिचा दाब साधारण 50 मिलिमीटर पारा. अकोल्यात मेमध्ये 44 अंश आणि 12 टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब जेमतेम 8 असतो. फरक 42. जूनमध्ये 36 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब 29 होतो आणि फरक उरतो 21. पारा आठ अंशांनी उतरला, पण धापण्याची ताकद निम्मी झाली. बंद खोलीत कूलर चालू असेल तर आर्द्रता आणखी चढते आणि उरलेले 21 सुद्धा घटत जातात. घरातला कूलर जूनमध्ये ज्या कारणाने नुसती चिकचिक करतो, त्याच कारणाने कुत्र्याचे नाकही फसते. पगच्या नाकात तर ताटीच आखूड आणि वाट अरुंद. त्याला निम्म्या ताकदीवर दिवस काढणे जमत नाही, तो जोर लावून धापतो, त्या जोराने अंग आणखी तापते आणि घसा सुजतो. मालकांना कूलरबद्दल एकच वाक्य सांगावे: समोरची खिडकी उघडी ठेवा, आणि हवा दमट झाली की पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

हेच गणित कोंबड्यांच्या शेडला लागू आहे. कोंबडीलाही घाम नाही, तीही धापते. मेमध्ये फॉगर तिचा जीव वाचवतो. जूनच्या ढगाळ दुपारी तोच फॉगर आणि पडलेले पडदे मिळून शेडची बंद खोली करतात. त्या दिवशी फॉगर थांबवून पडदे वर करावेत आणि पक्ष्यांवरून वारा खेळता ठेवावा.

हत्तीचे तंत्र याच्या उलट आहे. मेळघाटात कोलकासच्या छावणीतले हत्ती ज्यांनी पाहिले असतील त्यांना कानाच्या मागच्या बाजूच्या शिरांचे जाळे आठवेल. आपण रक्ताचा नमुना घेतो तो तिथूनच. हत्तीला नखांच्या आसपासचा भाग सोडला तर घामाच्या ग्रंथी नाहीत, आणि तो कुत्र्यासारखा धापतही नाही. गरम रक्त तो पातळ कानात आणतो आणि कान हलवून वारा घालतो. हा कूलर नव्हे, गाडीचा रेडिएटर आहे. त्याला आर्द्रतेची फारशी पर्वा नाही, पण एक अट आहे: हवा रक्तापेक्षा गार हवी. हत्तीचे शरीर 36-37 अंश सेल्सिअसचे. पारा त्याच्या वर गेला की कोरडा कान हलवून उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येईल. म्हणून हत्तीचा कठीण महिना मे आहे, आणि त्याचे उत्तर पाणी आहे. सोंडेने कानांवर आणि पाठीवर पाणी किंवा चिखल उडवला की त्याच रेडिएटरचा कूलर होतो. सिपना नदीतली आंघोळ म्हणजे लाड नव्हेत, दुपारच्या उपचाराचा भाग आहे.

हत्तीकडे आणखी एक सोय आहे, ती म्हणजे त्याचे वजन. 3000 किलोच्या हत्तीचे तापमान एका अंशाने वाढू दिले तर सुमारे 2500 किलोकॅलरी अंगात साठतात. तेवढी उष्णता वाफेने फेकायची तर सव्वाचार लिटर पाणी गेले असते. दिवसभर साठवायचे आणि रात्रीच्या गारव्यात फेकायचे, असा त्याचा व्यवहार आहे. साहजिकच रात्र मोकळी मिळाली पाहिजे. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली हत्ती रात्री बांधला तर कालची उष्णता शिल्लक ठेवूनच तो दुसरा दिवस सुरू करतो. सकाळी माहूत 'आज हा सुस्त आहे' म्हणाला, तर आधी रात्री कुठे बांधला होता ते विचारा.

त्या पगकडे परत येतो. मेलॉक्सिकॅमने त्याचा पारा एक अंशही उतरला नव्हता, आणि उतरणार नव्हता. तापात मेंदू स्वतःच शरीराचे ठरलेले तापमान वर सरकवतो आणि औषध ते खाली आणते. उष्माघातात ठरलेले तापमान जागेवरच असते, उष्णता बाहेर जायची वाट बुजलेली असते. वर, रक्तपुरवठा आधीच खालावलेल्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला त्या औषधाचा त्रास होतो तो वेगळा. आम्ही त्याला टेबलावर घेतले, नळाचे पाणी पोट, जांघा आणि पायांवर ओतत ठेवले आणि स्टँडचा पंखा थेट त्याच्यावर लावला. नाकातली ताटी निकामी झाली होती, म्हणून सगळ्या अंगाचीच ताटी केली. ओला टॉवेल गुंडाळला नाही, कारण तो थोड्या वेळात गरम होऊन पांघरुणाचे काम करतो. सोबत ऑक्सिजन आणि शिरेतून सलाइन. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. 25 मिनिटांत पारा 103 वर आला, तिथेच पाणी थांबवले. 103 च्या खालीही ओतत राहिलो तर अंग नको तितके गार पडते.

मालकांना वाटले, संपले. खरे दुखणे तिथून पुढे असते. दुसऱ्या दिवशी त्याच्या शौचात रक्त आले, हिरड्यांवर बारीक लाल ठिपके उमटले आणि प्लेटलेट घसरल्या. म्हणून उष्माघाताचा कुत्रा शुद्धीत येऊन शेपूट हलवू लागला तरी निदान 48 तास नजरेखाली ठेवावा. रक्तातली साखर, प्लेटलेट आणि लघवीचे प्रमाण पाहत राहावे. हा पग पाचव्या दिवशी घरी गेला. पाण्याखाली आणायला आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कदाचित गेला नसता.

तो अर्धा तास बहुतेक वेळा गाडीत जातो. तेव्हा या महिन्यात दोन गोष्टी करा. सकाळी हवामानाचा अंदाज वाचताना पाऱ्याच्या शेजारचा आर्द्रतेचा आकडाही वाचा. आणि घाबरलेल्या मालकाचा फोन आला, 'डॉक्टर, लगेच घेऊन येऊ का?', तर त्याला सांगा: आधी अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मग गाडी काढा.