सही करण्याआधी अरबी पानाचा फोटो पाठवा

बहरीनला नोकरीसाठी निघालेल्या सगळ्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि इथे बहरीनमध्ये राहून अरबी वाचायला शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माझी कळकळीची विनंती आहे. करारावर सही होण्याआधी त्याच्या अरबी पानाचा फोटो काढून इथल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवा. आणि ज्याच्याकडे तो फोटो येईल, त्याने तो ओळ न ओळ मराठीत करून द्यावा.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण साधं आहे. बहरीनच्या 2012 च्या 36 क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरीचा करार अरबीत असावा लागतो. तो दुसऱ्या भाषेत असेल, तर त्याला अरबी प्रत जोडावी लागते. कराराच्या दोन प्रती करायच्या आणि त्यातली एक कामगाराकडे राहायला हवी. इथल्या न्यायालयाचं कामकाजही अरबीत चालतं. म्हणजे मुंबईत एजंटने हातात ठेवलेला इंग्रजी कागद कितीही चांगला असला, तरी उद्या वाद झाला की वाचला जातो तो अरबी मजकूर.

दहावी झालेल्या मुलांच्या घरच्यांनी एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट सहसा ईसीआर असतो. त्याला बहरीनला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते, आणि त्या निमित्ताने त्याचा करार निदान एका सरकारी टेबलावरून जातो. दहावी झालेल्याला ही परवानगी लागत नाही. आपल्याकडे याचं कौतुक होतं, ‘त्याला काही अडचण नाही’ असं म्हणतात. पण याचाच अर्थ असा की त्याचा करार निघण्याआधी कुणीच पाहिलेला नसतो.

आता फोटोबद्दल. कागद टेबलावर सपाट ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. प्रत्येक पान पाठवा, कोरी मागची बाजूसुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक ठिपके पुसट होतात. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मी ठिपक्यांचा एवढा आग्रह धरतो, कारण अरबीत ठिपका हरवला की आकडा बदलतो.

अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी पाच मात्र गोल काढतात, थेट आपल्या शून्यासारखा. त्यामुळे मराठी डोळ्याला पन्नासचा आकडा दिसतो तो एक शून्य आणि त्याच्या शेजारी पडलेल्या शाईच्या थेंबासारखा. पुसट फोटोत ठिपका गेला, तर दीडशेचे पंधरा होतात. अक्षरांतही तेच. सत्तरला अरबीत ‘सबऊन’ म्हणतात आणि नव्वदला ‘तिसऊन’. लिहिताना या दोन शब्दांत फरक राहतो तो मुख्यतः ठिपके किती आणि कुठे आहेत याचा. आकड्यात मात्र सात आणि नऊ स्पष्ट वेगळे दिसतात. म्हणून रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्हीकडे वाचायची आणि दोन्ही जुळल्याशिवाय अनुवादात लिहायची नाही. अक्षरी रकमेच्या शेवटी बहुतेक वेळा ‘फ़क़त’ असं लिहिलेलं असतं. आपण चेकवर लिहितो तेच ‘फक्त’.

दिनाराचाही एक चकवा आहे. एका दिनाराचे हजार फिल्स होतात, त्यामुळे रक्कम लिहिताना पुढे तीन शून्यं येतात. 150.000 म्हणजे दीड लाख नव्हे, दीडशे दिनार. ते टिंब स्वल्पविरामासारखं दिसतं आणि घरी आनंदाची बातमी पोचते. एका दिनाराला दोनशेपेक्षा जास्त रुपये येत असल्याने खरी रक्कमही लहान नसते, पण कर्ज काढताना हा हिशोब बरोबर असावा लागतो.

एक करार डोळ्यांसमोर घेऊ. माणूस कुणी खरा नाही, पण कलमं नेहमी दिसतात तशीच आहेत. खेड तालुक्यातला एक वेल्डर. त्याच्या इंग्रजी कागदावर ‘वेल्डर, पगार 150 दिनार’ असं लिहिलंय. अरबी पानावर पगाराच्या जागी तीन ओळी आहेत. पहिली ‘अज्र असासी’, म्हणजे मूळ पगार, बेसिक: 90 दिनार. दुसरी ‘बदल सकन’, राहण्याचा भत्ता: 30. तिसरी जेवणाचा भत्ता: 30. बेरीज दीडशेच. एजंट म्हणेल, फसवलं कुठे?

फरक नोकरी संपताना कळतो. नोकरीअखेरची रक्कम, जिला इथे ‘मुकाफआ’ म्हणतात, ती मूळ पगारावर आणि सामाजिक भत्ता असल्यास तो धरून मोजतात. राहण्या-जेवणाचे भत्ते त्यात येत नाहीत. पहिल्या तीन वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा महिना, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिना. आपला वेल्डर दोन वर्षांनी परतला, तर 90 च्या हिशोबाने त्याला 90 दिनार मिळतील. बेसिकच 150 असतं, तर 150 मिळाले असते. साठ दिनार या एकाच ओळीत गेले. मार्च 2024 पासून ही रक्कम मालकाने दर महिन्याला इथल्या सामाजिक विमा संस्थेत भरायची असते आणि कामगाराला ती तिथून मिळते. पण भरणा किती होणार, हे पुन्हा बेसिकवरच ठरतं.

त्याच पगाराच्या कलमात ‘शामिल’ हा शब्द आहे का, ते पाहा. आपला ‘सामील’ त्याचाच भाऊ. ‘पगार शामिल’ म्हटलं की त्यात काय काय सामील आहे, हे त्याच ओळीत शोधायचं. ओव्हरटाइमही त्यात घातला असेल, तर थांबा. कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. जादा तासाला दिवसा निदान पाव आणि रात्री निदान निम्मा मोबदला वर मिळायला हवा. 90 दिनार बेसिकवर तीस दिवस आणि आठ तास असा ढोबळ हिशोब केला, तर एका तासाचे 375 फिल्स होतात आणि दिवसाच्या ओटीच्या तासाला साधारण 470. रोज दोन तास धरले, तर महिन्याला चोवीसेक दिनार. एका शब्दामागे एवढे पैसे लपू शकतात.

आता हुद्दा. इंग्रजीत वेल्डर लिहिलंय. अरबीत ‘लह्हाम’ असायला हवं. आपल्या माणसाच्या पानावर आहे ‘आमिल ग़ैर माहिर’. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: गैर माहीर, अकुशल कामगार. असं लिहिलेलं असेल, तर उद्या त्याला सिमेंटच्या गोण्या उचलायला लावलं, तेव्हा ‘हे माझं काम नाही’ म्हणायला त्याच्याकडे कागदाचा आधार उरत नाही.

ओळखीच्या शब्दांवर भरवसाही ठेवू नका. कराराच्या पानावर ‘शहर’ हा शब्द दिसेल. अरबीत त्याचा अर्थ महिना. नोटिशीच्या कलमात ‘शहर’ असेल, तर एक महिन्याची सूचना. ‘मुद्दत’ म्हणजे आपली मुदतच, पण तिच्या आधी ‘ग़ैर’ आहे की नाही, यावर करार ठरलेल्या दोन वर्षांचा की बेमुदत, हे ठरतं. बेमुदत करारात कुणीही तीस दिवसांची सूचना देऊन बाहेर पडू शकतो. ‘तजरिबा’ म्हणजे आजमावणीचा काळ. तो सर्वसाधारण कामांना तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि करारात लिहिला नसेल, तर तो धरलाही जात नाही. या काळात एका दिवसाच्या सूचनेवर काढता येतं. ज्याने घरचे दागिने गहाण ठेवून विमान पकडलंय, त्याने हे कलम निघण्याआधी वाचलेलं असावं.

कोकणात कुराण शिकलेले पुष्कळ जण अरबी अक्षरं सफाईने वाचतात. त्यांचा मोठा उपयोग आहे, आणि मी त्यांनाही बोलावतो आहे. फक्त एवढं ध्यानात असू द्या की करारात ज़बर-ज़ेर-पेश नसतात आणि शब्दांचे अर्थ कचेरीतले असतात. म्हणून अक्षर वाचणारा एक आणि इथल्या ऑफिसात कागद हाताळलेला एक, असे दोघे मिळून बसलात तर काम पक्कं होतं.

अनुवाद करणाऱ्यांना माझं सांगणं: मजकूर सुधारू नका, गोड करू नका. कलमांचा क्रम आणि क्रमांक मूळचेच ठेवा. शब्द लागत नसेल, तर ‘वाचता आला नाही’ असं तिथेच लिहा, अंदाजाने आकडा भरू नका. कोरी जागा असेल, तर ‘इथे जागा कोरी आहे’ हेही अनुवादात यायला हवं. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती कोऱ्या पगाराच्या रकान्याखाली आधीच झालेल्या सहीची. ‘सगळे पैसे मिळाले, काही मागणे नाही’ अशा अर्थाचा कागद करारासोबत पुढे केला जात असेल, तर ते पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत कळवा. आणि हा अनुवाद समजून घेण्यासाठी आहे, न्यायालयात परवानाधारक अनुवादकाचा लागेल, हेही त्या माणसाला सांगा.

अरबी आणि इंग्रजी जुळत नसेल, तर सही करू नका. एजंटला दुरुस्ती लेखी मागा. भारतातून 1800 11 3090 या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या नंबरवर विचारता येतं. बहरीनमध्ये उतरल्यावर वेगळाच कागद पुढे आला, तर जुन्याचे आणि नव्याचे फोटो जवळ ठेवा आणि सीफमधल्या भारतीय दूतावासात किंवा एलएमआरए या इथल्या कामगार प्राधिकरणाकडे जा. कायद्याने दिलेला हक्क कमी करणारं कलम सही झाली तरी टिकत नाही, हे तिथे ठामपणे सांगा.

फोटोसोबत चार गोष्टी लिहून पाठवा: एजंटने तोंडी सांगितलेला पगार, सांगितलेलं काम, आतापर्यंत दिलेले पैसे आणि विमानाची तारीख. तारीख जवळ असेल, तर ती सगळ्यात वर लिहा, म्हणजे इथला माणूस त्या रात्रीच कागद घेऊन बसेल.