चकली पाठवण्याआधी खोका मोजा

मागच्या आठवड्यात बडोद्यातल्या एका मराठी बचत गटात बोलायला गेले होते. विषय होता, घरी केलेले पदार्थ व्हॉट्सअॅपवरून कसे विकायचे. गटाने भाजणीच्या चकल्यांचे फोटो आधीच टाकले होते आणि पुण्याहून पहिली ऑर्डरही आली होती. अर्धा किलो चकलीचे दोनशे रुपये ठरले. पण कुरियरवाल्याने दीड किलोचे पैसे मागितले. "आम्हाला फसवलं का हो?" एका ताईंनी विचारलं.

फसवलं नव्हतं. बऱ्याच कुरियर कंपन्या वजनाबरोबर खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि ५००० ने भागायचं. हे उत्तर आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. चकली मोडू नये म्हणून ताईंनी २५ बाय २० बाय १५ चा खोका घेतला होता. गुणाकार ७५००, म्हणजे दीड किलो!

मग त्यांच्याच गोडा मसाल्याचा हिशेब केला. पाव किलोचं पाकीट १५ बाय १२ बाय ८ च्या खोक्यात नीट बसतं. गुणाकार १४४०, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आत. खोक्यासकट काट्यावरही साधारण तेवढंच. अर्ध्या किलोच्या दरात काम होतं, शिवाय मोडायची भीती नाही. म्हणून ठरलं, की चकली बडोद्यातच घरपोच द्यायची आणि बाहेरगावी मसाला पाठवायचा.

फोन बिझनेस अॅपवर असेल तर कॅटलॉग करता येतो. तिथे प्रत्येक वस्तूखाली वजन, किंमत आणि 'कुरियर वेगळे' हे स्पष्ट लिहा. नंतर सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं, आणि ते बरोबरच आहे.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर छापा; सोबत घटक, वजन, पत्ता, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं तेही.

पैशांबद्दल मात्र मी जरा कडक बोलले. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही; तो खोटाही बनवता येतो. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. आणि कुणी "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

पुण्याची चकली ताईंनी पदरचे पैसे घालून पाठवली. गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नव्हतं, म्हणून. पण दुसऱ्या दिवशी कॅटलॉगमध्ये चकलीखाली 'फक्त बडोदा' असं लिहिलेलं होतं.