कन्सोल आत्ता घ्यावा की थांबावं?

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरात कन्सोलची मागणी सुरू होते. दुकानात जायचं ठरतं आणि कुणीतरी म्हणतं, “नवीन मॉडेल येतंय म्हणे, थोडं थांबा.” पन्नास हजारांच्या आसपासची खरेदी असल्यामुळे तुम्ही थांबता. पण थांबून नेमकं काय मिळणार आहे, हे आधी तपासा, कारण इथे ‘नवीन’ या एका शब्दाचे तीन वेगळे अर्थ होतात.

पहिला अर्थ, त्याच कन्सोलचं सडपातळ रूप, म्हणजे ‘स्लिम’. दुसरा, त्याच पिढीतला जास्त ताकदीचा ‘प्रो’. तिसरा, पुढची पिढी. प्लेस्टेशनपुरतं बोलायचं तर ३ आला २००६ मध्ये, ४ आला २०१३ मध्ये आणि ५ आला २०२० मध्ये. पिढी साधारण सात वर्षांनी बदलते आणि स्लिम मधल्या काळात कधीतरी येतो.

स्लिमसाठी थांबायचा सल्ला पूर्वी खरंच योग्य होता. अमेरिकेत प्लेस्टेशन ४ निघाला तेव्हा ३९९ डॉलरला होता, तीन वर्षांनी त्याचा स्लिम २९९ ला आला. प्लेस्टेशन ३ च्या बाबतीत तर उतार आणखी मोठा होता. यंत्रातल्या चिप्स बनवणं दरवर्षी स्वस्त होत होतं आणि तो फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत होता. या पिढीत हे गणित उलटलं. भारतात प्लेस्टेशन ५ चा डिस्कवाला मॉडेल फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० चा झाला. अमेरिकेतही २०२५ मध्ये त्याची किंमत पन्नास डॉलरने वाढली.

आता एक हिशेब पाहा. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोनीने भारतात या डिस्कवाल्या मॉडेलवर साडेसात हजारांची सूट दिली होती, म्हणजे तो ४७,४९० रुपयांत मिळत होता. तेव्हा ज्यांनी ‘स्लिम येऊ दे’ म्हणून हात आखडता घेतला, त्यांना स्लिम मिळाला तो एप्रिल २०२४ मध्ये, ५४,९९० रुपयांना. आठ-नऊ महिने थांबून वर साडेसात हजार जास्त मोजले. बदल्यात काय मिळालं? आकार लहान, साठवण ८२५ जीबीऐवजी १ टीबी, आणि डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येण्याची सोय. उभा ठेवायचा स्टँड मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो (हे दुकानदार बहुधा सांगत नाही). गेम दोन्हींवर सारखेच चालतात, तसूभरही फरक नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. स्लिमसाठी थांबू नका, सुटीसाठी थांबा. जुन्या मॉडेलवर अचानक मोठी सूट लागली, तर बहुधा नवा स्लिम जवळ आलेला असतो, आणि घ्यायची वेळ तीच. खोक्यावरचा क्रमांक मात्र वाचा. CFI-1 ने सुरू होणारा म्हणजे मूळचा, CFI-2 ने सुरू होणारा म्हणजे स्लिम. मूळचा मॉडेल स्लिमच्या भावात कुणी देत असेल तर घेऊ नका.

प्रोची गोष्ट थोडक्यात. चांगला फोर-के टीव्ही असेल तरच त्याची जादा ताकद डोळ्यांना जाणवते आणि डिस्क ड्राइव्ह त्यात नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्याच्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरींना तेव्हा इथे परवानगी नव्हती. बाहेरून आणलेला घेणार असाल, तर इथे वॉरंटी कोण देणार हे आधी लेखी विचारून घ्या.

राहिली पुढची पिढी. ती यायला दीड-दोन वर्षं उरली असं वाटलं, तरी पहिल्या दिवशी ती तुमच्या घरी येईल असं धरू नका. प्लेस्टेशन ५ ची पूर्वनोंदणी इथे काही मिनिटांत संपायची आणि चढ्या भावाने विकणारे कमाई करायचे. शिवाय नव्या पिढीच्या सुरुवातीला मोठे गेम जुन्या यंत्रासाठीही निघतात. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ येऊन दोन वर्षं झाल्यावरही, प्लेस्टेशन ४ वर आला. नव्यावरच चालणारा ‘स्पायडर-मॅन २’ यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. त्यामुळे तुमच्याकडे चालू पिढीचं यंत्र असेल, तर नवी पिढी आल्यावरही दोन-तीन वर्षं ते अडगळीत जात नाही.

घरात काहीच नसेल आणि मुलगा बारा वर्षांचा असेल, तर त्याची दोन वर्षं थांबण्यात घालवू नका. चालू पिढी सुटीत घ्या. प्लेस्टेशन ४ घरात आहे आणि मुलं त्यावर क्रिकेट-फुटबॉल खेळून खूश आहेत, अशा घराने मात्र खुशाल थांबावं. पुढे घेताना डिस्कवालाच मॉडेल घ्या. प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम ५ वर चालतात, पण तुमच्या कपाटातल्या डिस्क डिजिटल मॉडेलमध्ये घालायला जागाच नसते.