पाचशेवं यंत्र आणि पहिलं वाक्य

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो तेव्हा छोट्या कारखानदारांच्या प्रेसनोटा रोज यायच्या. बहुतेकांत बातमी असायची, पण ती सातव्या-आठव्या ओळीत. त्याआधी दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, त्यांची पदं, स्वागत, प्रास्ताविक. संध्याकाळी पानं लावायच्या घाईत उपसंपादक तिथवर पोचतच नाही. जागा कमी पडली की तो मजकूर खालून कापतो. मग छापून येतात ते पाहुणे आणि उडते ती बातमी. याची मला तेव्हाही हळहळ वाटायची.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत हळद पॉलिश करायचे ड्रम बनवणारा छोटा कारखाना आहे आणि त्याचं पाचशेवं यंत्र वसमतच्या शेतकरी गटाला गेलं. नोटेचं पहिलं वाक्य असं हवं: ‘कुपवाड येथे तयार झालेले ५००वे हळद पॉलिश यंत्र सोमवारी हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या शेतकरी गटाकडे रवाना झाले.’ कोण, काय, कुठे, केव्हा हे सगळं त्यात आलं. ‘आज’, ‘काल’ लिहू नये. वारापुढे तारीखही लिहावी, कारण बातमी कधी लागेल ते आपल्या हातात नसतं.

पुढच्या दोन ओळींत यंत्र काय करतं ते सांगावं: शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये फिरते, एकमेकींवर आणि जाळीवर घासते, साल व मुळ्या निघून तिला झळाळी येते. मग कारखाना कधी सुरू झाला, किती माणसं काम करतात. त्यानंतर मालकाचं एकच विधान, तेही फक्त त्यालाच सांगता येईल असं. ‘ग्राहकांचे आभार’ कुणीही म्हणेल. ‘पहिल्या यंत्राची जाळी दोन हंगामांत फाटली, म्हणून आम्ही जाड पत्रा वापरायला लागलो’ हे वाक्य कापायला उपसंपादकाचा हात धजत नाही. पाहुणे शेवटच्या ओळीत. सगळं मिळून दीडशे-दोनशे शब्द पुरेत.

पाचशे हा आकडा बनवलेल्या यंत्रांचा की विकलेल्यांचा, हे आधी बिलांवरून पडताळून घ्यावं. ‘राज्यातील पहिले’, ‘सर्वांत मोठे’ असं पुराव्याशिवाय लिहिलं, तर जाणकार उपसंपादकाला बाकीच्या नोटेचीही शंका येते.

पाठवण्यातच बऱ्याच नोटा मरतात. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा होऊन उघडतो, आणि तो पुन्हा टाइप करायला कुणाला वेळ नसतो. म्हणून युनिकोडमध्ये लिहावं आणि मजकूर थेट ईमेलमध्येच टाकावा. लेटरहेडचा स्कॅन एकटा पाठवू नये. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की बारीक होतो आणि छपाईत फुटतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. सत्काराच्या रांगेपेक्षा ट्रकवर चढणारं यंत्र आणि शेजारी कारागीर हा फोटो चांगला. खाली डावीकडून नावं. नोट पाठवायची वेळ दुपारची, चारच्या आत. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, बातम्या कमी. त्यामुळे सोमवारच्या अंकात बहुधा जागा सापडते. वृत्तपत्राच्या शहरातल्या कचेरीइतकाच तालुक्याचा वार्ताहर महत्त्वाचा, त्याला एक फोन जरूर करावा. जाहिरात विभागाकडून दरपत्रक आलं, तर नाही म्हणायला संकोचू नये. पैसे देऊन छापलं ती जाहिरात, बातमी नव्हे.

सांगलीकर एक गोष्ट हमखास विसरतात. यंत्र वसमतला गेलं, म्हणजे हिंगोली आणि नांदेडच्या आवृत्त्यांनाही ती स्थानिक बातमी आहे. तिथे पहिलं वाक्य फिरवून शेतकरी गटापासून सुरू करावं. पुढची गिऱ्हाइकं तिथेच तर आहेत.

मासिकांचं गणित वेगळं. ‘संपदा’, ‘उद्योजक’, ‘धातुकाम’ यांसारख्या मासिकांचा वाचक स्वतः धंद्यातला असतो. एका खेपेत किती हळद बसते, मोटर किती अश्वशक्तीची, जाड पत्र्यानं वजन वाढलं ते बेअरिंगनं कसं पेललं, हे त्याला हवं असतं. दैनिकाचीच नोट तिकडे पाठवली तर ती पडून राहते. आधी दोन-चार अंक चाळावेत, असा मजकूर कोणत्या सदरात बसतो ते पाहावं आणि संपादकांना तसं कळवावं. अंकाचं काम महिनाभर आधी सुरू होतं. हळदीची काढणी, शिजवणी जानेवारीपासून जोर धरते. त्या महिन्याच्या अंकात यायचं असेल तर मजकूर नोव्हेंबर संपायच्या आत पोचायला हवा.

इतकं करूनही बातमी लागेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा विचारावं, संध्याकाळी मुळीच नको. आणि पुढची नोट पाठवण्याआधी तिचं फक्त पहिलं वाक्य धंद्याबाहेरच्या माणसाला वाचून दाखवा. काय घडलं ते त्याला सांगता आलं नाही, तर ती पाठवू नका. आधी ते वाक्य बदला.