नकाराचे पत्र

गेल्या पंधरवड्यात आमच्या आप्पांना एक निमंत्रण आले. श्रीवर्धनच्या ज्येष्ठ मंडळींनी १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त त्यांना व्याख्यानासाठी बोलावले होते. आप्पांचे वय ८१. अध्यापनातून निवृत्त होऊनही बोलण्याची हौस ओसरलेली नाही. शिवाय मंडळाचे चिटणीस त्यांचेच जुने विद्यार्थी. नकार द्यायचा तरी कसा, या विचारात ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

गेल्या वर्षी असेच एक निमंत्रण त्यांनी भिडेपोटी स्वीकारले होते. नागावहून महाडपर्यंतचा प्रवास. वाटेत सोय होईल की नाही, या धास्तीने त्यांनी सकाळची लघवीची गोळी कोणास न सांगता टाळली. व्याख्यान उत्तम झाले; पण रात्री आडवे होताच धाप लागू लागली, पावलांना सूज आली, आणि उशांना टेकून बसल्या बसल्याच त्यांनी पहाट गाठली. हृदयाचे कार्य मंदावलेल्या माणसाने ही गोळी चुकवली की शरीरात पाणी साठते, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावले. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येते का, हे आधी त्यांना विचारावे. आपल्या मनाने ती वगळू नये.

श्रीवर्धनची वाट तर याहून अवघड. रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद, मुरूड, मग आगरदांड्याला जंगलजेटीची वाट पाहणे, खाडीपलीकडे दिघी आणि पुन्हा गाडी. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. तरीही आप्पांचे पहिले उत्तर होते, "बघू, जमले तर येतो म्हणून कळवतो."

मी त्यांना थांबवले. असे उत्तर सौम्य वाटते, परंतु यजमानांना तेच अधिक जाचते. 'बघू' म्हणजे होकार, असे समजून ते पत्रिकेवर नाव छापतात. आणि आदल्या दिवशी आलेला नकार मग त्यांना तोंडघशी पाडतो. तिसऱ्याच दिवशी आलेला स्पष्ट नकार त्यांना दुसरा वक्ता शोधण्यास अवधी देतो. स्नेह टिकतो तो या अवधीमुळे.

आप्पांनी प्रथम फोन केला. "अरे, तुझे पत्र वाचून फार आनंद झाला, पण मला येता येणार नाही," हे पहिल्याच दमात सांगितले. मग कार्यकारिणीपुढे ठेवता यावे म्हणून पत्र लिहिले. त्यात 'तू'चे 'तुम्ही' झाले :

"सप्रेम नमस्कार. १ ऑक्टोबरच्या व्याख्यानासाठी आपण माझी आठवण ठेवलीत, याचा मनापासून आनंद झाला. मात्र प्रकृतीमुळे दूरचा प्रवास आता मला झेपत नाही. म्हणून मी येऊ शकणार नाही. आपण सुचविलेल्या 'निवृत्तीनंतरची दिनचर्या' या विषयावर पाच मिनिटांचे मनोगत ध्वनिमुद्रित करून २० सप्टेंबरपूर्वी पाठवितो. उपयोगी वाटल्यास ऐकवावे. म्हसळ्याचे माझे एक सहाध्यापक बोलण्यास तयार आहेत. त्यांना विचारूनच हे लिहीत आहे. कार्यक्रमास शुभेच्छा. आपला स्नेहांकित."

या पत्रात धाप, सूज, गोळ्या यांचा उल्लेख नाही. कारण खरे आहे, पण एकच आणि एका वाक्यात. कारणे वाढली की समोरचा प्रेमाने एकेकाचे निवारण करू लागतो : गाडी पाठवतो, मुक्कामाची सोय करतो, आणि नकार पुन्हा होकाराकडे घसरतो. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी ग्रंथकार सभेसाठी पाठविलेले निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राने नाकारले. तो नकार तत्त्वाचा होता, म्हणून त्याची कारणे मांडणे प्राप्तच होते. शरीराच्या मर्यादेला मात्र युक्तिवाद लागत नाही.

'पुढच्या वर्षी नक्की येईन' हे वाक्य आप्पांनी लिहिले होते; मग स्वतःच खोडले. जे खात्रीने करता येईल तेवढेच द्यावे, आणि ते ठरल्या तारखेच्या आत द्यावे. कबूल केलेले मनोगत पाठविण्यास विसरणे, हा दुसरा नकारच होतो. तोही न कळविता दिलेला.

सेवाशुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. वडीलधाऱ्यांच्या वतीने परस्पर 'ते येणार नाहीत' असे कळवू नये. हात थरथरत असेल तर लेखनिक व्हावे; शब्द आणि सही त्यांचीच असावी. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, हे दुःख त्यांना प्रवासाच्या शिणाहून खोल लागते.

चौथ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. मनोगत कार्यक्रमाच्या आरंभीच ऐकवायचे ठरले होते. त्या रात्री आप्पा पोटभर जेवले.