आकडा उतरला, पण कसा?

भिवंडी तालुक्यातील अंजूर, मानकोली, काल्हेर या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आणि महिन्याच्या महिन्याला भाडे हातात येऊ लागले. असा पैसा मुदत ठेवीत ठेवावा की बँकेचाच शेअर घ्यावा, हा प्रश्न आता गावागावांत विचारला जातो. त्यावर दलाल आणि सल्लागार यांचे ठरलेले उत्तर असते : निव्वळ व्याज मार्जिन बघा आणि ढोबळ एनपीए बघा; पहिले जास्त, दुसरे कमी, तर डोळे झाकून घ्या. या दोन आकड्यांशिवाय बँकेची प्रकृती कळत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘डोळे झाकून’ या शब्दांना. हे दोन आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते का हलले हे विचारल्याशिवाय त्यांना फारसा अर्थ नाही.

भिवंडीतल्याच एका कल्पित यंत्रमाग कारखान्यावर हे तपासून पाहू. त्याने ११ टक्के दराने एक कोटीचे मुदत कर्ज घेतले आहे. त्यासाठी बँकेने ठेवीदारांकडून सरासरी ५ टक्क्यांनी पैसा उचलला असेल, तर ढोबळ हिशेबाने वर्षाला सहा लाख रुपये बँकेच्या पदरात उरतात. सगळ्या कर्जांवरचे आणि गुंतवणुकींवरचे असे उरलेले व्याज एकत्र करून त्याला व्याज मिळवून देणाऱ्या सरासरी मालमत्तेने भागले की निव्वळ व्याज मार्जिन मिळते. आता सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नाही आणि कारखानदाराचा हप्ता थकला. थकबाकीला ९० दिवस उलटले की हे कर्ज एनपीए ठरते. फक्त थकलेला हप्ता नव्हे, येणे असलेली सगळी रक्कम ढोबळ एनपीएत जाते. त्याच दिवशी बँकेला दुसरा फटका बसतो. जमा धरलेले, पण हाती न आलेले व्याज तिला उत्पन्नातून उलटे फिरवावे लागते आणि पुढचे व्याज प्रत्यक्ष मिळेपर्यंत धरता येत नाही. ठेवीदाराचे व्याज मात्र चालूच राहते. शिवाय कर्जाला तारण असले तरी सुरुवातीला किमान १५ टक्के, म्हणजे १५ लाख रुपये, तरतूद म्हणून नफ्यातून बाजूला काढावे लागतात. एक कर्ज बिघडले तर ढोबळ एनपीए वाढतो, मार्जिन घटते आणि नफाही आटतो. म्हणून थकीत कर्जे वाढत असतानाही एखाद्या बँकेचे मार्जिन जागचे हलत नसेल, तर तिने अधिक जोखमीच्या कर्जदारांना चढ्या दराने पैसे दिले आहेत का, ही शंका आधी घ्यावी.

या आकड्यांचे बरे-वाईट दोन्ही महाराष्ट्राला जवळून पाहता आले ते पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये. मार्च २०१८ अखेर तिचा ढोबळ एनपीए १९.४८ टक्के होता, म्हणजे दिलेल्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ वीस रुपये अडकलेले. त्याआधीच, जून २०१७ मध्ये, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर त्वरित सुधारणात्मक कारवाईचे निर्बंध घातले होते. मार्च २०२४ मध्ये हेच प्रमाण १.८८ टक्क्यांवर आले. पूर्वी तीन टक्क्यांच्याही खाली असलेले मार्जिन चार टक्क्यांच्या आसपास पोचले. वरवर पाहता हा चमत्कार वाटतो, म्हणून त्याची फोड करायला हवी. मार्च २०१८ मध्ये अडकलेली कर्जे सुमारे १८,४०० कोटींची होती आणि एकूण कर्जे सुमारे ९४,६०० कोटींची. सहा वर्षांनी अडकलेली कर्जे सुमारे ३,८०० कोटींवर उतरली आणि एकूण कर्जे दोन लाख कोटींच्या वर गेली. एकूण कर्जे वाढलीच नसती, तर ढोबळ एनपीए १.८८ नव्हे, चार टक्के दिसला असता. १९ वरून ४ पर्यंतची उतरण खऱ्या साफसफाईची आहे. ४ वरून २ च्या खाली जो आकडा गेला, तो भागाकारातला छेद मोठा झाल्याने. नवे कर्ज दिल्या दिवशी कोणी थकवत नाही, ते बिघडायचेच असेल तर दोन-तीन वर्षांनी बिघडते. म्हणून झपाट्याने कर्जे वाटणाऱ्या बँकेचा ढोबळ एनपीए काही काळ फुकटात कमी दिसतो.

साफसफाईचे बिल कोणी भरले, हा प्रश्न मात्र भागधारकांच्या सभेत कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त विचारला जातो. मार्च २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांत या बँकेने अनुक्रमे १,३७३, १,१४६ आणि ४,७८४ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. थकीत कर्ज वसूल झाले, कर्जदाराने सगळी थकबाकी भरून खाते सुरळीत केले किंवा पूर्ण तरतूद करून बँकेने ते निर्लेखित केले, या तिन्ही वाटांनी ढोबळ एनपीए उतरतो. पहिल्या दोन वाटांनी बँकेकडे पैसा येतो. तिसऱ्या वाटेने फक्त वही कोरी होते, बुडालेला पैसा आधीच नफ्यातून गेलेला असतो. ते भगदाड सरकारने भांडवल ओतून बुजवले आणि सरकारचा हिस्सा ९० टक्क्यांच्या पुढे गेला. जुन्या भागधारकाचा वाटा तेवढाच पातळ झाला. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, वसुली पुढेही चालू राहते, हे खरे. पण निर्लेखित खात्यातून आलेली वसुली सहसा इतर उत्पन्नात जाते. ज्या नफ्यात तिचा वाटा मोठा असतो, तो दरवर्षी तसाच येईल अशी अपेक्षा धरू नये.

याच प्रकरणात दुसरेही एक शिकण्यासारखे आहे. सर्वांत मोठ्या तोट्याच्या वर्षअखेरीस, मार्च २०१९ मध्ये, ढोबळ एनपीए अजून १६.४० टक्के होता. केवळ तोच पाहणारा या शेअरकडे फिरकला नसता. पण तरतुदी वजा जाता उरणारा निव्वळ एनपीए त्याच वर्षात ११.२४ वरून ५.५२ टक्क्यांवर आला होता आणि जानेवारी २०१९ अखेर निर्बंधही उठले होते. दुखणे तेव्हाच आटोक्यात आले होते, आकड्याने ते पुढच्या तीन वर्षांत दाखवले. मग निव्वळ एनपीएच का पाहू नये, ढोबळ कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की निव्वळ आकडा तरतूद वाढवून एका तिमाहीत खाली आणता येतो. त्यातून बँकेने पैसे कोणाला दिले, ही मूळची पारख दिसत नाही. ती ढोबळ आकड्यातच दिसते. दोन्ही शेजारी ठेवावेत, हेच शहाणपणाचे.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे. आकडे खोटेच असले तर? येस बँकेच्या भागधारकांना हा प्रश्न विचारायची गरज नाही. मार्च २०१६ अखेर या बँकेने ढोबळ एनपीए ७४९ कोटींचा सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो ४,९२६ कोटींचा निघाला. पुढच्या वर्षी बँकेने २,०१८ कोटी सांगितले, तपासणीत ८,३७३ कोटी निघाले. तरीही मार्जिन तीन टक्क्यांच्या वर होते, नफा वाढत होता आणि ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर चारशे रुपयांच्या आसपास होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर मार्च २०१८ च्या आकड्यांत तफावत नसल्याचे बँकेने जाहीर केले आणि शेअर एका दिवसात तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. त्यानंतर वर्ष उलटायच्या आतच, डिसेंबर २०१९ च्या तिमाहीत, ढोबळ एनपीए १८.८७ टक्के निघाला, तोटा १८,५६४ कोटींचा झाला आणि मार्जिन कोसळले. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने खातेदारांना पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा घातली. दुसऱ्या दिवशी शेअर सहा रुपयांच्याही खाली जाऊन आला.

म्हणून हे दोन निकष निरुपयोगी ठरतात का? आमच्या मते नाही. येस बँकेचे दुखणे त्याच कागदांत दिसत होते, फक्त पहिल्या पानावर नव्हते. तपासणीतली तफावत एप्रिल २०१७ पासून हिशेबाच्या टिपणांत छापणे बंधनकारक झाले होते आणि सलग दोन वर्षे तपासणीतला आकडा बँकेने सांगितलेल्याच्या चौपटीहून अधिक निघाला होता. ज्या बँकेने थकीत कर्ज असे लपवले, तिच्या मार्जिनवर विश्वास ठेवायला जागाच उरत नाही; कारण न आलेले व्याजही त्या मार्जिनमध्ये उत्पन्न म्हणून धरलेले असू शकते.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही दूर करायला हवा. मार्जिन कमी म्हणजे बँक आजारी, असे नव्हे. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि एकूण मालमत्तेवरचे मार्जिन ४.१ वरून ३.४ टक्क्यांवर आले. जानेवारी २०२४ च्या निकालानंतर बाजाराने शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक पाडला. पण गृहकर्जाचा दर कमी असतो तो घर तारण असते म्हणून, आणि विलीन झालेल्या कंपनीकडे बचत खात्यांचा स्वस्त पैसा नव्हता. ढोबळ एनपीए दीड टक्क्याच्या आतच राहिला. उलट सूक्ष्मकर्ज देणाऱ्या छोट्या बँकांचे मार्जिन सात-आठ टक्के दिसते. त्यात बिनतारणी कर्जाच्या जोखमीचे मोल आधीच धरलेले असते. त्यामुळे अशा बँकेची तुलना तिच्याच जातीच्या बँकेशी करावी. बँक ऑफ महाराष्ट्रच्या मार्जिनला जोर आला तो मुख्यतः ठेवींच्या बाजूने : तिच्या निम्म्याहून अधिक ठेवी चालू आणि बचत खात्यांत होत्या. चढ्या दराच्या कर्जातून आलेल्या मार्जिनपेक्षा स्वस्त ठेवींतून आलेले मार्जिन आम्ही केव्हाही अधिक विश्वासाचे मानू.

बँकिंग व्यवस्थेचा ढोबळ एनपीए मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक होता. आता तो सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. जवळपास सगळ्याच बँकांचा आकडा चांगला दिसतो, तेव्हा त्यावरून निवड करता येत नाही. निवड करता येते ती हालचालीवरून : तिमाहीत नवी कर्जे किती थकली, वसुली किती झाली, निर्लेखन किती झाले. हा तक्ता बँकांकडे असतोच; बहुधा तो सादरीकरणाच्या आतल्या पानांत किंवा वार्षिक टिपणांत सापडतो. तो निकालाच्या पत्रकात, ढोबळ एनपीएच्या टक्केवारीच्या लगेच खाली आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा, अशी सक्ती रिझर्व्ह बँक आणि सेबी यांनी करावी. तोवर अंजूरच्या गुंतवणूकदाराने तो तक्ता शोधून वाचल्याखेरीज बँकेच्या शेअरला हात लावू नये.